स्वगत आणि रंगसूचना : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील अंतर्द्वंद्वाचे वाचन

मराठी विषयाच्या पदव्युत्तर वर्गात नाटकावर जे निबंध लिहिले जातात, त्यांत एक विधान हमखास आढळते : स्वगतातून पात्राच्या मनातील संघर्ष प्रकट होतो. हे विधान खोटे नाही. मात्र ते कोणत्याही नाटकाविषयी करता येते, आणि म्हणूनच ते कोणत्याच नाटकाविषयी काही सांगत नाही. विधानाच्या पाठोपाठ विद्यार्थी स्मरणात असलेल्या स्वगताचा अर्धा भाग उतरवून काढतो आणि त्यालाच पुरावा समजतो. हा उतारा करताना कंसातील मजकूर तेवढा गाळलेला असतो. पात्र बोलताना कोठे उभे आहे, त्याचे बोलणे कोणाला ऐकू जाते आणि कोणाला नाही, प्रकाशाचे काय होते, इतर पात्रे काय करतात, हे सारे ‘नाटककाराने नटांसाठी केलेली सोय’ म्हणून बाजूला ठेवले जाते. वस्तुतः शोकात्म नाटकातील अंतर्द्वंद्व अनेकदा स्वगतात पूर्णपणे नसते आणि रंगसूचनेतही नसते. ते या दोहोंच्या मधल्या अंतरात असते. विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाच्या आधारे हे अंतर कसे वाचावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न धाराशिवसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने केवळ तात्त्विक नाही. मुंबई-पुण्याचा विद्यार्थी एखादे गाजलेले नाटक पुनरुज्जीवित प्रयोगात पाहू शकतो. तुळजापूर, उमरगा किंवा परंड्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या हाती बहुधा संहिताच असते. ज्याने प्रयोग पाहिलेला नाही, त्याच्यासाठी रंगसूचना हाच प्रयोग होय. ती वगळली की नाटकाची कादंबरी होते, आणि तीही वर्णने काढून टाकलेली कादंबरी. याच विद्यार्थ्याजवळ एक जमेची बाजूही आहे, तिचा उपयोग मात्र क्वचित करून घेतला जातो. तुळजाभवानीच्या मुलखात गोंधळ ऐकत वाढलेल्याला ठाऊक असते की, संबळाच्या साथीने आख्यान लावणारा नाईक क्षणात पात्र होऊन बोलतो आणि पुढच्याच क्षणी बाहेर येऊन त्या पात्राचे काय झाले ते सांगतो. पात्राचा उद्गार आणि त्या उद्गाराबद्दलची सूचना तेथे एकाच मुखातून येतात. छापील नाटकात हे दोन आवाज वेगळे केलेले असतात. एक संवादात असतो आणि दुसरा कंसात. त्यांना पुन्हा एकत्र ऐकणे, हेच संहितावाचनाचे काम आहे.

स्वगत आणि रंगसूचना यांचे नाते किती जवळचे आहे, हे संस्कृत नाट्यपरंपरेकडे पाहिले असता स्पष्ट होते. धनंजयाच्या ‘दशरूपका’त नाट्यगत भाषणाची विभागणी ते कोणी ऐकावयाचे यावर केलेली आहे. सर्वांना ऐकू जाणारे ते प्रकाश, कोणासही ऐकू न जाणारे ते स्वगत आणि ठरावीक पात्रांनाच ऐकू जाणारे ते जनान्तिक किंवा अपवारित. येथे ‘ऐकू जाणे’ याचा अर्थ रंगमंचावरील इतर पात्रांना ऐकू जाणे असा घ्यावयाचा, कारण प्रेक्षक सर्वच ऐकतो. या विभागणीतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. एखादे भाषण स्वगत आहे की नाही, हे त्या भाषणाच्या आशयावरून वा शैलीवरून ठरत नाही. संहितेत वाक्याच्या आधी ‘स्वगतम्’ असा शब्द येतो आणि त्यानेच ते ठरते. हा शब्द पात्र उच्चारीत नाही. तो स्वतःच एक रंगसूचना आहे. म्हणजे स्वगत ही रंगसूचनेने निर्माण केलेली वस्तू होय. आशय कितीही खाजगी असला, तरी सूचना बदलली की स्वगताचा कबुलीजबाब होतो, आणि कबुलीजबाबाचे परिणाम असतात.

याचे एक सुपरिचित उदाहरण ‘हॅम्लेट’चे आहे. आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली त्याचे मराठी रूप प्रसिद्ध केले, तेव्हापासून मराठी अभ्यासकांना हे नाटक जवळचे आहे. जगण्यामरण्याविषयीचे त्यातील स्वगत आपल्याकडे एकांतातील चिंतन म्हणून शिकविले जाते. पण नाटकाच्या रचनेत त्या क्षणी राजा आणि मंत्री आडोशाला दडलेले आहेत, आणि ओफीलियाही हेतुतः तेथेच ठेवलेली आहे. शेक्सपिअरच्या संहितेत रंगसूचना अत्यंत तुटपुंज्या असल्यामुळे या तिघांपैकी कोणाला काय ऐकू गेले, हॅम्लेटला त्यांची चाहूल आहे की नाही, हे प्रत्येक दिग्दर्शकाला नव्याने ठरवावे लागते. एकाच भाषणातून कधी निखळ मनोव्यथा, तर कधी सावध नाटकीपणा व्यक्त होऊ शकतो. शब्द तेच असले तरी ते कोण ऐकते आहे यावर त्यांचा अर्थ बदलतो.

मराठी शोकात्म नाटकाच्या परंपरेत रंगसूचनेचे वजन हळूहळू वाढत गेलेले दिसते. संगीत नाटकांच्या संहितेत प्रवेश, प्रस्थान आणि पदांच्या डोक्यावरील राग, ताल व चाल यांची नोंद एवढ्यावर नाटककार बहुधा थांबतो. (पदावरील रागाची नोंद हीही भावस्थितीविषयीची सूचनाच असते. मात्र ती गायकनटासाठी असल्याने साहित्याचे अभ्यासक ती वाचत नाहीत, ही खेदाची बाब आहे.) गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मध्ये सुधाकराचा झगडा मुख्यतः शब्दांत मांडलेला आहे. सुधाकर पेशाने वकील आहे, आणि त्याचे मन स्वतःपुढेच बाजू मांडते, तीच खोडून काढते आणि अखेर स्वतःच्या विरुद्ध निकाल देते. अशा नाटकात संघर्ष कळण्यासाठी कंसाची फारशी गरज लागत नाही. तरीही याच नाटकात मृत्युशय्येवरील सिंधू पोलिसांपुढे नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटी जबानी देते, तो प्रसंग स्वगताशिवाय उभा राहतो. तिचे उच्चारलेले शब्द आणि प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग यांत विसंगती आहे, आणि तिच्या मनात काय चालले असेल ते त्या विसंगतीतूनच कळते.

शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ची (१९७०) गोष्ट वेगळी आहे. गणपतराव बेलवलकरांची स्वगते युवक महोत्सवांतून आणि वक्तृत्व स्पर्धांतून इतक्या वेळा म्हटली गेली आहेत की, ती नाटकातून सुटून स्वतंत्रपणे नांदू लागली आहेत. स्वगत असे सुटे झाले की सर्वप्रथम हरवते ती परिस्थिती. बेलवलकर निवृत्त नट आहेत, त्यामुळे ते एकटे असतानाही कोणत्या तरी अदृश्य प्रेक्षागृहासाठी बोलत असतात. त्यांच्यातील बाप आणि त्यांच्यातील नट यांपैकी या घटकेला कोण बोलत आहे, हा त्यांच्या अंतर्द्वंद्वाचा गाभा आहे. स्पर्धेतील मुलगा ते भाषण खऱ्याच प्रेक्षागृहापुढे म्हणतो, तेव्हा हा प्रश्न उरतच नाही. टाळ्या मिळतात, पण नाटक निसटते.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची निवड येथे अशासाठी केली आहे की, त्यातील स्वगत रंगसूचनेवाचून वाचताच येत नाही. या नाटकाला शोकांतिका म्हणावे का, अशी शंका काही अध्यापक घेतात. नायिका मरत नाही, आणि जे घडते ते एका ‘खेळा’त घडते. परंतु शोकांतिकेची कसोटी मृत्यू ही नसून अपरिहार्यता ही आहे, असे मानले तर हे नाटक त्या कसोटीस पूर्णपणे उतरते. कथानक सर्वपरिचित असल्याने त्यातील आवश्यक तेवढाच भाग येथे सांगणे पुरेसे आहे. एक हौशी संस्था खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी आली आहे. रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांच्या संदर्भातील आरोप ठेवून खटला चालवावयाचा आहे. मधला वेळ काढावा आणि सामंत या स्थानिक भोळ्या माणसाला न्यायालयाची कल्पना यावी, म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा केला जातो. आरोपी म्हणून संस्थेतीलच शिक्षिका लीला बेणारे हिला उभे करतात, आणि तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. ती अविवाहित आहे आणि प्राध्यापक दामले यांच्यापासून तिला दिवस गेले आहेत, हे हळूहळू उघड होते. दामले आलेलेच नाहीत.

अंतर्द्वंद्वाच्या दृष्टीने या नाटकात एक चढती रचना आहे. पहिल्या अंकात बेणारे भरभरून बोलते, गाते, नकला करते. आल्याबरोबर दाराच्या कडीत तिचे बोट सापडलेले असते, पण ती ते हसण्यावारी नेते. ही बारीकशी कृती म्हणजे नुसते वास्तववादी तपशील नव्हेत. कडी नीट नाही, ती बाहेरून आपोआप बसू शकते, हे सामंताच्या बोलण्यातून तेथेच कळते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बेणारे निघून जाऊ पाहते, तेव्हा त्याच कडीमुळे दार उघडत नाही. तिला कोणी कोंडलेले नाही, पण ती कोंडली गेली आहे. भ्रूणहत्या हा शब्द प्रथम उच्चारला जातो त्या क्षणापासून तिच्या बोलण्यात फरक पडू लागतो, आणि हा फरक संवादापेक्षा सूचनांमधूनच अधिक कळतो. ती गप्प होते, चेहरा बदलते, मग पूर्वीपेक्षा अधिक उत्साहाने थट्टेत सामील होते. वाचणारा केवळ संवाद वाचत गेला, तर त्याला ती या टप्प्यावर खेळात रमलेली वाटेल. कंस वाचले तर असे दिसेल की, तिची थट्टा ही आता तिची ढाल झाली आहे.

तिसऱ्या अंकात ही ढाल गळून पडते आणि तिच्या जागी मौन येते. सौ. काशीकर तिला ओढून आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतात. साक्षी होतात, एकेकजण तिच्या खाजगी आयुष्यातील तुकडे पुढे टाकतो, न्यायासनावरील काशीकर स्वतःच साक्षीदार होतात, आणि जिच्याबद्दल हे सारे चालले आहे ती बोलत नाही. या अंकाचा मोठा भाग बेणारेच्या दृष्टीने केवळ रंगसूचनांत आहे. तीत एक प्रसंग सर्वांत निर्णायक आहे. साक्षीच्या ओघात उलगडा जवळ येतो, तेव्हा ती जवळची बाटली तोंडाला लावू पाहते, आणि कर्णिक धावत येऊन ती उडवून देतो. बाटली टिक-ट्वेंटी या कीटकनाशकाची आहे. मरण्याचा निर्णय या नाटकात शब्दांनी केला जात नाही. तो कृतीने केला जातो, एका सूचनेत केला जातो आणि तेथेच उधळला जातो. सभोवतालचे लोक थोडे दचकतात आणि खटला पुढे चालू ठेवतात.

हे लक्षात ठेवूनच पुढील स्वगताकडे वळावयास हवे. वकील सुखात्मे आरोपीविरुद्ध भाषण संपवितात आणि काशीकर आरोपीला तिची बाजू मांडण्यासाठी दहा सेकंदे देतात. न्यायालयीन भाषेत ही संधी आहे. संधी म्हणून ती हास्यास्पद आहे, आणि तेंडुलकरांचा उपरोध येथे उघड आहे. परंतु याच दहा सेकंदांत रंगसूचना रंगमंचावरील काळ थांबविते. प्रकाश बदलतो, इतर सर्व पात्रे आहेत त्या स्थितीत गोठतात आणि बेणारे बोलू लागते. तिचे दीर्घ भाषण संपताच प्रकाश पूर्ववत होतो, पात्रे जागी होतात, बेणारे पूर्वीसारखीच निश्चल असते, आणि काशीकरांच्या दृष्टीने आरोपीने काहीच सांगितलेले नसते. वेळ संपलेली असते.

येथे एक विचित्र गोष्ट घडली आहे. भाषणाच्या घडणीवरून पाहिले, तर हे स्वगत नव्हे. ती न्यायासनाला उद्देशून बोलते, आरोपांना उत्तर देते, मध्येच वर्गातील मुलांपुढे उभी असल्यासारखी बोलते. ही उघड बाजू मांडणे आहे, म्हणजे दशरूपकाच्या परिभाषेत ‘प्रकाश’. पण ते कोणालाच ऐकू जात नाही, म्हणून ते ‘स्वगत’ आहे. सर्वांना उद्देशून केलेले आणि कोणीही न ऐकलेले असे हे भाषण आहे. त्याला हे स्वरूप शब्दांनी दिलेले नाही, भाषणाच्या अलीकडील आणि पलीकडील दोन सूचनांनी दिले आहे. त्या दोन सूचना काढून टाकल्या तर बेणारे न्यायालयापुढे निर्भयपणे बोललेली स्त्री ठरेल, आणि नाटक विजयाचे होईल. सूचना ठेवल्या तर तीच वाक्ये न उच्चारलेली वाक्ये होतात. जी बोलू शकली असती आणि बोलली नाही, तिची शोकांतिका येथे आहे. स्पर्धेत हे भाषण सुटे सादर होते, तेव्हा बहुधा पहिलेच नाटक दिसते.

आता स्वगताचा आतील भाग पाहू. त्यात बाह्य समाजाविषयीचा संताप आहे, आणि निबंधात बहुतेक विद्यार्थी तेवढाच नोंदवितात. ‘व्यक्ती विरुद्ध समाज’ हा संघर्ष नाटकात निश्चित आहे, परंतु तो दिसण्यासाठी स्वगताची गरज नाही, कारण तो संपूर्ण खटलाभर समोर चालूच आहे. स्वगताने जे नव्याने उघड होते ते निराळे आहे. ती आपण पाप केले असे एका ठिकाणी कबूल करते. कोवळ्या वयात स्वतःच्या मामावर जडलेले प्रेम, आईचा विरोध, त्याने ऐन वेळी पाठ फिरविणे, आणि मरू पाहूनही न मरणे, हा तिचा पहिला अनुभव आहे. परंतु ते पाप होते असे म्हणतानाच ते प्रेम खरे होते, हेही ती सोडावयास तयार नाही. दुसऱ्या वेळी तिने एका विद्वानावर बुद्धीच्या ओढीने भक्ती केली, आणि त्याला तिचे शरीर तेवढे हवे होते. येथे ती आपल्या शरीराचा धिक्कार करते, आणि त्याच श्वासात ते आपले एकमेव स्वत्व आहे, असेही मानते. शरीराने दगा दिला असे म्हणणारी स्त्री त्याच शरीरात वाढणाऱ्या जिवासाठी जगू इच्छिते, त्याला नाव आणि बाप मिळावा म्हणून धडपडते. हा खरा अंतर्द्वंद्वाचा प्रदेश आहे. येथे दोन्ही बाजू तिच्याच आहेत, आणि एक जिंकली तर दुसरी मरते.

आणि काही वेळापूर्वी हीच स्त्री विषाची बाटली तोंडाला लावत होती. स्वगतात जगण्याची बाजू आहे, रंगसूचनेत मरण्याची आहे. कोणत्याही एकाच ठिकाणी थांबले, तर बेणारेचे मन सपाट दिसते. केवळ स्वगत वाचणाऱ्यास ती जिद्दीची माता वाटते, केवळ कृती पाहणाऱ्यास खचलेली आरोपी. बाटली आणि स्वगत एकापाठोपाठ ठेवून वाचणारा मात्र असा प्रश्न विचारू शकतो : जिला जगावयाचे आहे तिने विष का उचलले, आणि जिला मरावयाचे होते तिने हे सारे का बोलावे? या प्रश्नाचे उत्तर नाटक देत नाही. ते दोन्ही गोष्टी शेजारी ठेवते.

हे स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून तालमींच्या काळात उशिरा लिहिले गेले, असे नाट्यवर्तुळात सांगितले जाते. सुलभा देशपांडे यांनी बेणारेची मूळ भूमिका केली. ही आख्यायिका तंतोतंत खरी असो वा नसो, तीतून एक उपयुक्त समीक्षाप्रश्न हाती येतो. तिसऱ्या अंकातील मौन पुरेसे होते का? मौन पुरेसे होते असे मानणारा वाचक म्हणेल की, स्वगताने बेणारेचे न बोललेले मन उघडे केले आणि त्याची धार कमी केली. या आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः जेथे स्वगत पूर्वायुष्याचा वृत्तांत देऊ लागते तेथे ते नाट्यापेक्षा निवेदनाकडे झुकते. पण मौन आणि स्वगत यांत एकाचीच निवड करावयाची असे मानण्याचे कारण नाही. रंगसूचनेने स्वगत अश्राव्य केले आहे, म्हणजे रंगमंचावरील जगात बेणारेचे मौन अभंगच राहिले. प्रेक्षकाने जे ऐकले ते न्यायासनाने ऐकले नाही, आणि म्हणून प्रेक्षक अपराधी जाणिवेचा वाटेकरी होतो. खटल्यातील एकमेव पुरावा त्याच्याजवळ आहे आणि तो साक्षीदार म्हणून उभा राहू शकत नाही.

निबंध लिहिताना या प्रकारच्या वाचनाचे उत्तरात रूपांतर कसे करावयाचे, हा अध्यापकांपुढील व्यावहारिक प्रश्न आहे. उदाहरणादाखल एखादा परिच्छेद असा बांधता येईल. आरंभी नाटकातील जागा नेमकी सांगावी : तिसरा अंक, आरोपीस दिलेली दहा सेकंदे. मग सूचना काय करते ते स्वतःच्या शब्दांत लिहावे : काळ थांबतो, इतर गोठतात, भाषण अश्राव्य होते. त्यानंतर भाषणातील एकच विरोध घ्यावा, समजा शरीराविषयीचा तिरस्कार आणि आसक्ती. त्याच्या शेजारी आधीची एखादी शब्दहीन कृती ठेवावी, म्हणजे बाटलीची. मगच अनुमान करावे की, बेणारेच्या मनातील झगडा दोषी की निर्दोष असा नसून, ज्या देहामुळे ती दोषी ठरली त्याच देहासाठी जगावे की नाही असा आहे. अखेर या अनुमानाची मर्यादाही नोंदवावी. अर्धे स्वगत उतरवून काढण्यात जाणारी दीड पाने या पद्धतीने वाचतात, आणि परीक्षकाला विद्यार्थ्याने संहिता वाचली आहे हे पहिल्या चार ओळींतच कळते.

यात दोन ठिकाणी सावधगिरी बाळगावी लागते. पहिली अशी की, स्वगत म्हणजे सत्य, असे गृहीत धरू नये. स्वगतात पात्र इतरांशी खोटे बोलत नाही, एवढेच परंपरा सांगते. स्वतःशी खोटे बोलण्यास तेथे पूर्ण मुभा असते, आणि शोकांतिकेतील नायक ती घेतात. बेणारे आपल्या पहिल्या प्रेमाची जी कथा सांगते, ती कोवळ्या वयातील मुलीची आठवण आहे. ती तशीच वाचावी. दुसरी सावधगिरी रंगसूचनेबाबतची. सूचना हा नाटककाराचा आवाज आहे, पात्राचा नव्हे. ‘ती निश्चल बसून आहे’ अशा आशयाची सूचना बाह्य रूप सांगते. ती खचली आहे, बधिर झाली आहे, की निर्धाराने गप्प आहे, हे त्यातून आपोआप ठरत नाही. तेथे अभ्यासकाने अनुमान करावयाचे असते, आणि ते अनुमान आहे हे वाक्यरचनेतून दिसले पाहिजे. ‘बेणारे खचते’ असे लिहिणारा विद्यार्थी आणि ‘तिचे निश्चल बसणे येथे खचल्याचे चिन्ह म्हणून वाचता येते, कारण…’ असे लिहिणारा विद्यार्थी यांत फरक आहे, आणि गुण देताना तो फरक दिसला पाहिजे.

एका प्रकारच्या सूचना मात्र सर्वच निबंधांतून निसटतात. त्या म्हणजे इतर पात्रांच्या किरकोळ हालचाली. न्यायासनावर बसून कान कोरणारे काशीकर हे केवळ विनोदी रेखाटन नाही. बेणारेच्या आयुष्याचा निवाडा ज्या शांत, निवांत, घरगुती वृत्तीने चालला आहे, ती वृत्ती त्या कृतीतून दिसते. अंतर्द्वंद्व एका पात्राचे असले, तरी त्याची तीव्रता भोवतालच्यांच्या बेफिकिरीवरून मोजली जाते. म्हणून बेणारेविषयी लिहिताना तिच्याच सूचना वाचून भागत नाही.

नाटकाचा शेवट या दृष्टीने अधिक बारकाईने वाचण्याजोगा आहे. गर्भ नष्ट करावा असा निकाल ऐकवून झाल्यावर, बाहेर प्रेक्षक जमू लागल्याची चाहूल लागते. क्षणापूर्वीचे न्यायाधीश आणि साक्षीदार पुन्हा हौशी नट होतात, हा सारा खेळच होता असे तिला समजावू पाहतात, आणि रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. बेणारे तशीच पडून राहते. सामंत संकोचाने, पाऊल न वाजविता येतो आणि आपल्या पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून निघून जातो. नाटकभर चाललेल्या शाब्दिक न्यायाला मिळालेले एकमेव मानवी उत्तर असे मुके आहे. बेणारे किंचित हलू पाहते, पण उठत नाही. आणि मग तिचाच आवाज कोठून तरी गाऊ लागतो. पहिल्या अंकात जिच्या गाण्याने रंगमंच भरून गेला होता, तिचे ओठ येथे मिटलेले आहेत.

या आवाजाला काय म्हणावयाचे? त्यास स्वगत म्हणावे तर पात्र बोलत नाही. पार्श्वसंगीत म्हणावे तर तो आवाज तिचा आहे. दहा सेकंदांच्या स्वगतात निदान देह आणि वाणी एकत्र होती, फक्त ऐकणारा नव्हता. येथे वाणी देहापासूनही सुटली आहे. सूचनेने स्वगत निर्माण केले होते, आता सूचनेने स्वगतातून पात्रच वजा केले आहे. ती जगेल की नाही याविषयी वर्गात नेहमी मतभेद होतात. पोपटाकडे बोट दाखवून आशा मांडणारे विद्यार्थी असतात, न उठणाऱ्या देहाकडे बोट दाखवून शेवट ठरविणारेही असतात. दोघांनाही संहितेत आधार आहे. दोन्ही आधार कंसात आहेत, आणि ते वाचल्याशिवाय या मतभेदात कोणालाही भाग घेता येत नाही.